चुली किती आणि माणसं किती

गावात जेवणावळ ठरली की आवतन सांगणाऱ्याला लोक पहिल्यांदा एवढंच विचारतात: घरटी एक की चूलबंद? घरटी एक म्हणजे प्रत्येक घरातून एकाने यायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही, म्हातारीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळ्यांनी मांडवात जेवायचं. पहिल्या बेताला गावातल्या चुलींचा आकडा पुरतो, दुसऱ्याला माणसांचा लागतो. तांदळाच्या पोत्यांचा हिशोब करताना हा फरक कोणी विसरत नाही. जनगणनेचं कोष्टक समोर आलं की मात्र शिकलेली माणसंही तो विसरतात. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात, वर्तमानपत्रातल्या बातमीत, कधी कधी संशोधनाच्या प्रबंधातही चुलींचा आकडा माणसांच्या जागी जाऊन बसतो, नाहीतर माणसांचा चुलींच्या जागी.

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातलं वडनेर हे नागपूर–हैदराबाद महामार्गावरचं, हिंगणघाटच्या दक्षिणेचं गाव. त्याचे आकडे काढायला बसलात तर पहिली अडचण नावाची येते. चांदवड तालुक्यात वडनेर भैरव आहे, नांदुऱ्याकडे वडनेर भोलजी, दर्यापूरकडे वडनेर गंगाई, आणि पारनेर तालुक्यातही वडनेर आहेच. म्हणून आधी जिल्हा आणि तालुका पाहायचा, मग गावाचा सहा आकडी संकेतांक. ही खात्री झाली की जनगणनेच्या ‘प्राथमिक जनगणना गोषवाऱ्या’तली गावाची ओळ उघडायची. संगणकावरच्या तक्त्यात स्तंभांची नावं इंग्रजी लघुरूपांत असतात. `No_HH` म्हणजे कुटुंबांची संख्या, `TOT_P` म्हणजे एकूण माणसं, `P_06` म्हणजे शून्य ते सहा वयाची मुलं, `P_LIT` म्हणजे साक्षर.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. त्याच तक्त्यात पुढे `MAIN_HH_P` असा स्तंभ येतो. `HH` दिसलं की कुटुंबांबद्दलच काही असणार असं वाटतं. पण हा आकडा घरगुती उद्योगात काम करणाऱ्या मुख्य कामगारांचा आहे, म्हणजे माणसांचा. `No_HH` मध्ये चुली मोजल्या आहेत आणि `MAIN_HH_P` मध्ये माणसं, तीच दोन अक्षरं असूनही. खरं तर गोषवाऱ्याच्या गावाच्या ओळीत चुलींच्या मोजणीचा स्तंभ तेवढा एकच आहे, बाकी सगळी माणसंच. शौचालय, नळ, वीज, स्वयंपाकाचं इंधन, पक्कं घर या गोष्टी या तक्त्यात नसतात. त्या घरयादीच्या वेगळ्या तक्त्यांत येतात आणि तिथे हिशोब चुलींचा असतो.

मराठीतल्या शब्दानेही घोटाळ्यात भर घातली आहे. सरकारी भाषांतरात ‘कुटुंब’ म्हणतात. आपल्या बोलण्यात कुटुंब म्हणजे नात्यागोत्याचं घराणं, आणि जुन्या पिढीच्या तोंडी तर ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायको. जनगणनेला यातलं काहीच अभिप्रेत नाही. तिच्या लेखी कुटुंब म्हणजे नेहमी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. कामाच्या गरजेने कोणाला बाहेर जेवावं लागत असेल तर ते चालतं. नातं असण्याची अट नाही. महामार्गालगत एका खोलीत चार परप्रांतीय मिस्त्री राहतात आणि आळीपाळीने एकाच स्टोव्हवर रांधतात, तर ते एक कुटुंब. तेच चौघे आपापलं वेगळं शिजवत असतील तर खोली एक आणि कुटुंबं चार. उलट सख्खे भाऊ एकाच वाड्यात, एकाच आडाचं पाणी पीत, पण चूल वायली करून राहात असतील तर ती दोन कुटुंबं. वऱ्हाडात ‘भाऊ वायले झाले’ म्हणतात ते यालाच. वाटणीचा कागद पुढे कधी होईल तेव्हा होईल, चूल आधी वेगळी होते. प्रगणक विचारतो ते चुलीबद्दल, सातबाऱ्याबद्दल नाही.

म्हणून मी पुढे ‘कुटुंब’ऐवजी शक्य तिथे चूल हाच शब्द वापरणार आहे. गॅसवर शिजलं तरी चूलच.

चूल म्हणजे घरही नव्हे. जनगणनेचं ‘घर’ हे आणखी वेगळं एकक आहे. रस्त्यावरून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यावरून स्वतःचं वेगळं मुख्य दार असलेली इमारत, किंवा तिचा तसा भाग, म्हणजे एक घर. त्यात दुकान असो, पिठाची गिरणी असो, शाळा असो, की कुलूप असो. २०११ च्या मोजणीत देशात अशी सुमारे ३३ कोटी घरं निघाली आणि त्यातली जवळजवळ अडीच कोटी रिकामी होती. चुली मात्र २४.६७ कोटी. गावात आणखी दोन वह्या फिरत असतात आणि त्यांची नावं ऐकून नवखा माणूस हमखास गोंधळतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरपट्टीसाठी मालमत्ता मोजलेल्या असतात. तलाठ्याच्या गाव नमुना ८-अ मध्ये शेतजमिनीचे खातेदार असतात. एका चुलीवर जेवणाऱ्या बाप, आई आणि मुलगा या तिघांची तीन खाती असू शकतात, आणि गावात न राहणाऱ्या नागपूरकराचंही एक असू शकतं. ‘गावात इतके शेतकरी’ असं कोणी सांगितलं तर कोणत्या वहीतून आणले हे आधी विचारून घ्यावं.

आता आकडे एकमेकांशी कसे खेळतात ते पाहायला एक गल्ली घेऊ. ही गल्ली माझ्या मनातली आहे, वडनेरच्या कागदातली नाही. पण अशी गल्ली तिथे सापडणार नाही असंही नाही. गल्लीत दहा चुली आहेत. एका चुलीवर एकटी विधवा. दोन चुलींवर दोन म्हातारी जोडपी, ज्यांची मुलं पुण्याला किंवा बुटीबोरीला कामाला गेलेली. मग एका चुलीवर तीन, दोन चुलींवर चार-चार, दोन चुलींवर पाच-पाच, एका चुलीवर सहा, आणि शेवटच्या मोठ्या वाड्यात आठ. बेरीज चाळीस माणसं. चाळीस भागिले दहा, चुलीमागे सरासरी चार माणसं. इथपर्यंत सरळ आहे.

समजा घरयादीच्या तक्त्यात या गल्लीपुढे लिहिलं आहे: चाळीस टक्के कुटुंबांकडे आवारात शौचालय नाही. म्हणजे दहापैकी चार चुली. किती माणसांना अडचण आहे? बहुतेक जण पटकन चाळीसचे चाळीस टक्के काढून सोळा म्हणतील. पण त्या चार चुली कोणत्या यावर सगळं अवलंबून आहे. विधवा, दोन म्हातारी जोडपी आणि तिघांचं घर या त्या चार चुली असतील तर माणसं आठ, म्हणजे गल्लीतली वीस टक्के. त्याऐवजी पाच, पाच, सहा आणि आठ माणसांच्या चार चुली असतील तर माणसं चोवीस, म्हणजे साठ टक्के. छापलेला आकडा दोन्ही वेळा चाळीसच राहील. अडचणीतली माणसं एकात दुसऱ्याच्या तिप्पट. चुलींच्या टक्क्यावरून माणसांचा टक्का काढता येत नाही, हे वाक्य कोरडं वाटतं. आठ आणि चोवीस असं म्हटलं की त्याचं वजन कळतं.

२०११ च्या घरयादीनंतर ‘महाराष्ट्रात ५३ टक्के कुटुंबांच्या आवारात शौचालय’ हा आकडा खूप फिरला. ग्रामीण भागात तो ३८ टक्क्यांच्या आसपास होता. तो वाचून ‘ग्रामीण महाराष्ट्रातली ६२ टक्के जनता उघड्यावर जाते’ असं लिहिलं जायचं. आकडा जनतेचा नव्हता, चुलींचा होता. शिवाय आवारात नाही म्हणजे लगेच उघड्यावर असंही नव्हतं, सार्वजनिक शौचालय वापरणारेही त्यातच होते. याच तक्त्यांतून ‘देशात शौचालयांपेक्षा फोन जास्त’ असा मथळाही निघाला. फोन असलेल्या चुली शौचालय असलेल्या चुलींपेक्षा जास्त, इतकंच त्या आकड्यांवरून म्हणता येत होतं. एका चुलीतले तीन मोबाइल त्यात एकदाच मोजले जातात.

साक्षरतेचं उलट आहे. ती माणसांत मोजतात आणि तीही सगळ्या माणसांत नाही, सात वर्षं आणि पुढच्यांत. `P_LIT` ला `TOT_P` ने भागलं की गावाची साक्षरता खोटी कमी दिसते. आधी `TOT_P` मधून `P_06` वजा करायचं आणि मग भागायचं. पाळण्यातल्या पोराला निरक्षर ठरवण्याची ही चूक मी तालुका पातळीवरच्या छापील पुस्तिकेतही पाहिली आहे.

गल्लीकडे परत येऊ. चुलीमागे सरासरी चार माणसं, हे चुलीच्या बाजूने पाहिलं तर. आता चाळीस माणसांना एकेकाला विचारा, तुझ्या चुलीवर किती जण जेवतात? विधवा एकदाच ‘एक’ म्हणेल. मोठ्या वाड्यातून मात्र ‘आठ’ हे उत्तर आठ वेळा येईल. सगळी उत्तरं मिळवली तर दोनशे होतात, चाळीसने भागले की पाच. म्हणजे सरासरी चूल चौघांची आणि सरासरी माणूस पाचांच्या चुलीवरचा. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त एक चुलींना विचारून आला आहे आणि दुसरा माणसांना. ‘आता घरं लहान झाली’ असं कोष्टक सांगतं आणि ‘आमच्या घरात तर गर्दीच आहे’ असं ऐकणारा म्हणतो, तेव्हा दोघांचंही चुकत नसतं. लहान चुली संख्येने पुष्कळ असल्या तरी त्यांवर जेवणारे थोडेच असतात.

यानंतरची गोष्ट खेड्यात रोज घडते. त्या मोठ्या वाड्यातले दोन भाऊ वायले झाले. आठाचे चार आणि चार झाले. गल्लीत कोणी जन्मलं नाही, कोणी मेलं नाही, कोणी आलं-गेलं नाही. माणसं चाळीसच. चुली मात्र दहाच्या अकरा झाल्या आणि सरासरी चारवरून ३.६ वर आली. आता पहिल्या शक्यतेतली गल्ली घ्या, जिथे लहान चार चुलींकडे शौचालय नव्हतं आणि वाड्यात होतं. दहापैकी सहा चुलींकडे, म्हणजे साठ टक्के. वाटणीत शौचालय थोरल्याकडच्या बाजूला गेलं आणि मध्ये भिंत आली, तर अकरापैकी सहा, म्हणजे साडेचोपन्न टक्के. गल्लीतलं एकही शौचालय कोणी पाडलं नाही, तरी टक्का उतरला. पण अंगण सामाईकच राहिलं आणि धाकट्यानेही ‘आवारात आहे’ असंच सांगितलं, तर अकरापैकी सात, ६३ टक्क्यांच्या वर. एक वीटही लागली नाही आणि टक्का चढला. दोन जनगणनांतली प्रगती मोजताना मध्ये किती चुली फुटल्या हे पाहिलंच नाही तर आपण भिंतींची नोंद प्रगती म्हणून वाचत असतो.

आणि चुली फुटतात, चांगल्याच वेगाने. महाराष्ट्राची लोकसंख्या २००१ मध्ये ९.६९ कोटी होती, २०११ मध्ये ११.२४ कोटी झाली, म्हणजे दहा वर्षांत १६ टक्के वाढ. त्याच काळात घरयादीतल्या चुली सुमारे १.९१ कोटींवरून २.३८ कोटींवर गेल्या, म्हणजे २५ टक्के. देशातही तेच चित्र होतं: माणसं पावणेअठरा टक्क्यांनी वाढली, चुली साडेअठ्ठावीस टक्क्यांनी. वर्धा जिल्ह्याचं वेगळेपण असं की इथे माणसंच फारशी वाढली नाहीत. २००१ मध्ये १२,३६,७३६ आणि २०११ मध्ये १३,००,७७४, म्हणजे दहा वर्षांत पाच टक्क्यांहून जेमतेम अधिक. एवढ्या संथ जिल्ह्यात ‘गावात नवी घरं उठली, गाव वाढलं’ हा अंदाज सगळ्यात लवकर फसतो. वस्ती पसरलेली दिसते, नवे उंबरे दिसतात, घरपट्टीच्या वहीत नोंदी वाढतात. माणसं तितकीच असू शकतात, कमीही असू शकतात.

ग्रामपंचायतीत मग एक जुनी सवय कामाला येते: चुली गुणिले पाच. हा पाच कुठून आला हे कोणी विचारत नाही. राज्याच्या आकड्यांवरून २००१ मध्ये चुलीमागे पाचाहून किंचित जास्त माणसं होती आणि २०११ मध्ये ४.७ च्या आसपास. म्हणजे एके काळी तो ठीक होता. आता पाणी योजनेचा हिशोब करा. जल जीवन मिशनमध्ये नळ चुलीमागे एक द्यायचा असतो आणि पाणी माणशी रोज ५५ लिटर. आपल्या गल्लीला खरं लागतं चाळीस गुणिले ५५, म्हणजे २,२०० लिटर. दहा चुलींना पाचाने गुणून केलं तर २,७५० लिटर. भाऊ वायले झाल्यावर अकरा चुलींना पाचाने गुणलं तर ३,०२५. त्याच चाळीस माणसांसाठी टाकी एक तृतीयांशाहून जास्त मोठी झाली. नळजोडण्या मात्र खरोखरच दहाच्या अकरा लागतील. म्हणजे एकाच योजनेत तोट्या चुलींनी मोजायच्या आणि टाकी माणसांनी. यात नवल काही नाही, पण अंदाजपत्रक करताना दोन्ही रकाने एकाच आकड्यावरून भरले की कुठेतरी चूक होतेच.

गावात कोणत्या गोष्टी माणसांवर ठरतात आणि कोणत्या चुलींवर, हे पाहिलं की चूल कधी फुटते तेही थोडं उलगडतं. ग्रामपंचायतीच्या सदस्यांची संख्या माणसांवर ठरते: दीड हजारांपर्यंत सात, तीन हजारांपर्यंत नऊ, आणि पुढे वाढत साडेसात हजारांच्या वर सतरा. तिथे चुली कितीही फुटल्या तरी जागा वाढत नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात शंभर दिवस चुलीमागे होते, जॉबकार्डही चुलीमागे. म्हणजे वायले झालं की दोन कार्डं. महाराष्ट्राच्या जुन्या रोजगार हमीचा, म्हणजे १९७७ च्या कायद्याचा, आधार मात्र प्रौढ माणूस हा होता.

रेशनमध्ये तर दोन्ही एकके एकाच दुकानात शेजारी-शेजारी बसली आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, चुलीवर दोन असोत की नऊ. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी पाच किलो. बरोबर सात माणसांवर दोन्ही सारखे पडतात. सातांहून कमी असतील तर अंत्योदय फायद्याचं, जास्त असतील तर तोट्याचं. आपल्या मोठ्या वाड्याचं कार्ड अंत्योदयाचं होतं असं धरा. आठ माणसं, ३५ किलो, माणशी चार किलो तीनशे पंचाहत्तर ग्रॅम. भाऊ वेगळे झाल्यावर अंत्योदय कार्ड थोरल्याच्या नावे राहिलं, तर त्याच्या चौघांना ३५ किलो, माणशी पावणेनऊ. अंत्योदय कार्डांचा कोटा ठरलेला असल्यामुळे धाकट्याला दुसरं अंत्योदय सहसा मिळत नाही. प्राधान्य यादीत नाव लागलं तर चौघांना २० किलो, नाही लागलं तर काहीच नाही. म्हणून एकाच वाड्यातल्या दोन भावांच्या रेशनच्या तक्रारी वेगळ्या असतात. या कायद्याखाली महाराष्ट्राच्या वाट्याला ७ कोटींच्या आसपास लाभार्थी आले आणि तो आकडा माणसांचा आहे, २०११ च्या लोकसंख्येवरून काढलेला: ग्रामीण भागात ७६.३२ टक्के, शहरी भागात ४५.३४ टक्के. ‘सात कोटी कार्डं’ असं कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे अडवावं. राज्यात एवढ्या चुलीच नाहीत.

रेशनकार्डं मोजून गावातल्या चुली काढण्याचाही मोह होतो, आणि तो टाळलेला बरा. जुनं कार्ड तसंच ठेवून दोन चुली चालतात. कुठे एक चूल असून सासू-सुनेची दोन कार्डं असतात. कार्ड लाभाच्या हिशोबाने फुटतं, चूल भांडणाच्या किंवा सोयीच्या.

आता एक प्रश्न राहतो, जो आकडे जुळवणाऱ्यांना फार छळतो. वडनेरच काय, कोणत्याही गावाच्या चुलींचे दोन आकडे सापडतात आणि ते जुळत नाहीत. यात चूक शोधत बसू नये. जनगणना दोन टप्प्यांत होते. घरयादी एप्रिल ते सप्टेंबर २०१० मध्ये, प्रत्येक राज्याच्या सोयीने झाली. माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी २०११ मध्ये झाली, बेघरांची २८ फेब्रुवारीच्या रात्री, आणि १ ते ५ मार्चला फेरतपासणी. मधल्या महिन्यांत चुली फुटतात, कधी मिटतातही. कोणी लग्न करून जातं, कोणी म्हातारं जातं आणि घराला कुलूप लागतं.

शिवाय दोन्ही टप्प्यांत कुटुंबाचा अर्थ किंचित वेगळा आहे. घरयादीच्या तक्त्यांत संस्थात्मक कुटुंबं धरत नाहीत, माणसांच्या गोषवाऱ्यात ती असतात आणि बेघरही असतात. संस्थात्मक म्हणजे वसतिगृह, तुरुंग, आश्रम, अनाथालय, जिथे नात्याची नसलेली माणसं एका स्वयंपाकघराचं जेवतात. म्हणून २०११ मध्ये देशातल्या चुली एका तक्त्यात २४.६७ कोटी आणि दुसऱ्यात सुमारे २४.९५ कोटी आहेत. १२१.०९ कोटी माणसांना पहिल्याने भागलं तर ४.९१ येतात, दुसऱ्याने भागलं तर ४.८५. देशपातळीवर हा फरक किरकोळ वाटतो, एखाद्या गावात तो मोठा होतो. सेवाग्राम आणि सावंगीला वैद्यकीय महाविद्यालयांची वसतिगृहं आहेत. समजा एखाद्या गावात शंभर साध्या चुली आहेत आणि त्यांवर चारशे माणसं, शिवाय दोनशे मुलींचं एक वसतिगृह. गोषवाऱ्यात चुली १०१ आणि माणसं ६०० दिसतील, चुलीमागे जवळजवळ सहा. कोणी लिहून मोकळं होईल की या गावात एकत्र कुटुंबपद्धती अजून टिकून आहे! असा आकडा दिसला की दोन खुणा तपासाव्यात. शून्य ते सहा वयाच्या मुलांचं प्रमाण शेजारच्या गावांपेक्षा एकदम कमी आहे का, आणि स्त्री-पुरुषांचं प्रमाण एकीकडे झुकलं आहे का. दोन्ही जुळलं तर ती मोठी चूल वसतिगृहाची आहे, घराची नाही.

अनुसूचित जाती-जमातींच्या आकड्यांतही हाच दुहेरीपणा आहे आणि विदर्भात तो महत्त्वाचा ठरतो. गोषवाऱ्यात प्रत्येक माणसाची नोंद त्याच्या स्वतःच्या वर्गात होते. घरयादीत फक्त कुटुंबप्रमुख कोणत्या वर्गाचा हे विचारतात आणि सगळी चूल त्याच्या नावाने जाते. आंतरजातीय लग्नाच्या घरात दोन्ही टप्प्यांची उत्तरं म्हणूनच वेगवेगळी येऊ शकतात. ‘अनुसूचित जातींच्या इतक्या टक्के घरांत वीज’ हा आकडा प्रमुखाच्या नावाने मोजलेल्या चुलींचा आहे. त्याचा हर म्हणून गोषवाऱ्यातली माणसं घेतली की बेरीज कुठूनही बसत नाही.

जुन्या मालिका जोडायला निघालात तर आणखी सावध राहावं लागतं. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये झाला आणि १९५६ पर्यंतचे त्याचे आकडे मध्य प्रांताच्या, नंतर मध्य प्रदेशाच्या पुस्तकांत आहेत. इंग्रजी अमदानीतल्या जनगणनांत ‘घर’ हा एकच शब्द होता. कधी त्याचा अर्थ वेगळं दार असा घेतला, कधी एका चुलीवर जेवणारी माणसं असा, आणि प्रांताप्रांतांत तो बदलत राहिला. घर आणि कुटुंब ही दोन एककं रीतसर वेगळी झाली ती १९५१ मध्ये. त्याआधीच्या पुस्तकातली ‘घरं’ पुढच्या ‘कुटुंबां’शेजारी ठेवून शंभर वर्षांचा आलेख काढला तर अर्धा आलेख व्याख्येचाच निघतो.

पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे आणि घरयादीचा टप्पा त्याआधी २०२६ मध्ये. या वेळी लोकांनी स्वतःच माहिती भरायचीही सोय आहे. आजवर चूल एक की दोन हे उंबऱ्यावर उभा राहून प्रगणक ठरवायचा. तो शेगडी पाहायचा, सिलिंडर मोजायचा, शेजारीण काय म्हणते ते ऐकायचा. स्वतः भरताना हे घरातल्या माणसालाच ठरवावं लागेल, आणि ज्याचं रेशनकार्ड अजून वेगळं झालेलं नाही तो काय भरेल हे सांगणं कठीण आहे.

आपल्या मनातल्या गल्लीतल्या त्या दोन भावांपाशी एक अवघड जागा शिल्लक आहेच. त्या आठांत त्यांची आईही होती. वाटणीत जमीन, बैलजोडी, फवारणीचा पंप सगळं ठरलं, आणि आईचं जेवण महिनाआड ठरलं: एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. ती झोपते मधल्या ओसरीत. घरयादीवाला आला तेव्हा महिना थोरल्याचा असेल तर ती थोरल्याच्या चुलीत धरली जाईल. मोजणीचा फेब्रुवारी धाकट्याच्या वाट्याला आला तर ती तिकडे. थोरल्याकडे चार दाखवले असतील तर आता तीन, धाकट्याकडे पाच. दोन्ही घरांना वाटलं की ती दुसरीकडे लिहिली गेली, तर ती कुठेच नाही. दोघांनीही लिहून दिली, तर ती दोनदा. प्रगणकाने मात्र नीट विचारलं, ‘आजी, या महिन्यात कोणाच्या ताटात जेवता?’, तर गल्लीची माणसं बरोबर चाळीसच भरतात.